खांब कुणाचा?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खाला राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या डाव्या बाजूला एक कॉलम आहे. त्या कॉलमच्या कोपऱ्याला वरपासून खालपर्यंत एक उभी चीर होती. खालांनी त्यावर दोनदा पांढरा सिमेंट भरून रंग लावला होता आणि दोन्ही वेळा पावसाळा संपता संपता चीर परत उघडी पडली होती. खालांना वाटायचं, ही आपल्या घरातली दुरुस्ती आहे. वरच्या तीन मजल्यांनाही तसंच वाटायचं, कारण तसं वाटण्यात त्यांची सोय होती.

हा लेख त्या चिरेबद्दल आहे. तिचे पैसे कुणी द्यायचे यावर आम्ही सोळा घरांनी जवळजवळ वर्षभर घातलेल्या वादाबद्दलही आहे. मी त्या काळात सोसायटीचा सेक्रेटरी होतो. इंजिनिअर नाही, वकीलही नाही. जे शिकलो ते गरजेपोटी शिकलो.

महाडमध्ये इमारत पडणं ही ऐकीव गोष्ट नाही. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसं गेली. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा दाखल झाला. या सगळ्यात एक गोष्ट मला जास्त टोचत राहिली. ती इमारत जुनी नव्हती. दहा वर्षांहून जास्त तिचं वय नव्हतं.

त्याआधी ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला होता आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही. तेव्हा आम्ही सगळे म्हणालो होतो, जुनं बांधकाम, कधीतरी जायचंच. तारिक गार्डनने तो दिलासाही काढून घेतला.

तेव्हाच मी पहिल्यांदा सोसायटीचे उपविधी उघडून वाचले. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत स्ट्रक्चरल ऑडिटचं कलम आहे. इमारतीचं वय १५ ते ३० वर्षं असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांच्या पुढे गेली की तीन वर्षांतून एकदा ऑडिट करून घेणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. कुणी नोटीस पाठवण्याची वाट पाहायची नाही, सोसायटीने स्वतःहून करायचं.

या नियमाने पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. जी इमारत पडली, तिच्या वयाच्या इमारतीला या कलमाप्रमाणे पहिलं ऑडिट लागू व्हायलाच अजून काही वर्षं होती. म्हणजे पंधरा वर्षांची अट ही किमान अट आहे, सुरक्षिततेची हमी नाही. वयाने होणारी झीज ती पकडते, मुळातलं निकृष्ट काम पकडत नाही. आणि दुसरी गोष्ट आमची. आमची इमारत २००४ ची. तिला २०१९ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. आमचं ऑडिट थकलेलं होतं आणि सोळांपैकी एकालाही त्याची खबर नव्हती.

तरीही आम्ही लगेच हललो नाही. पुढच्या जुलैत, २२ तारखेला, महाडमध्ये पूर आला. आमच्या तळमजल्याच्या चारही घरांत पाणी शिरलं. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि शेजारच्या पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. चिखल काढताना खालांच्या स्वयंपाकघरातल्या कॉलमचं प्लास्टर हातात आलं. आत सळी दिसली. ती तपकिरी नव्हती, काळपट होती आणि तिचे पापुद्रे निघत होते. तेव्हा सभा बोलवावीच लागली.

सभेत पहिला प्रश्न ऑडिटच्या फीचा आला. इंजिनिअरने ४८ हजार सांगितले होते. आमच्या उपविधीप्रमाणे पंचवीसपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीत व्यवस्थापक समितीला दुरुस्तीवर स्वतःच्या अधिकारात २५ हजारांपर्यंतच खर्च करता येतो, त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. बँकेत ६१ हजार होते. अठरा वर्षांची जमा एवढीच, कारण आम्ही महिन्याला पंपाचं बिल आणि सफाईवाल्याचा पगार भागेल इतकेच पैसे काढत आलो होतो.

खरा अडथळा फीचा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी ते उघड बोलले. ‘ऑडिट केलं की अहवाल येणार. अहवाल आला की खर्च येणार. आधी सांगा, तो खर्च कोण देणार?’ त्यांच्यावर काहीजण चिडले, पण मला वाटतं त्या दिवशी सर्वांत प्रामाणिक ते होते. ऑडिट टाळणारी सोसायटी बहुतेक वेळा इंजिनिअरला घाबरत नाही. ती वाटणीच्या भांडणाला घाबरते.

मग आम्ही उलटं केलं. आधी वाटणीचा नियम वाचायचा, तो सभेत मान्य करायचा आणि मग इंजिनिअरला बोलवायचं असं ठरलं.

उपविधी खर्चाच्या वाटणीसाठी एकच माप वापरत नाहीत. सफाई, जिन्याचे दिवे, कार्यालयाचा खर्च असे सेवाशुल्काचे पैसे सगळ्या घरांना सारखे, कारण जिना सगळे सारखाच वापरतात. पाण्याची आकारणी नळजोडांच्या संख्येवर. पण मोठ्या दुरुस्तीचा निधी सर्वसाधारण सभेने गरजेप्रमाणे ठरवायचा आणि तो क्षेत्रफळावर काढायचा. शिवाय दोन निधी दरवर्षी जमा व्हायला हवेत. प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती व देखभालीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी. बांधकाम खर्च म्हणजे जमिनीची किंमत वगळून, इमारत बांधली तेव्हाचा. आजचा बाजारभाव नव्हे.

क्षेत्रफळ हा शब्द ऐकल्याबरोबर सभा दुभंगली. आमच्याकडे आठ फ्लॅट ४५० चौरस फुटांचे आहेत आणि आठ ६५० चे. मोठ्या फ्लॅटवाले म्हणाले, इमारत पडली तर सगळेच मरतील, मग पैसे सारखे का नाहीत? छोट्यांचं म्हणणं होतं की उद्या पुनर्बांधणी झाली तर जागा क्षेत्रफळाप्रमाणे मिळणार, मग खर्चही तसाच व्हावा. मला दुसरा मुद्दा पटला. शेवटी सभेलाही पटला, पण त्याला दोन बैठका गेल्या.

दुसरं भांडण मजल्यांचं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या मते कॉलम तळमजल्यावर खराब झाला, तोही पुरामुळे, तेव्हा तो तळमजल्याने करावा. तळमजल्यावरचे म्हणत, गच्ची गळते ती तुमच्या डोक्यावर, तिच्या वॉटरप्रूफिंगशी आमचा काय संबंध? दोन्ही बाजूंना आपण न्यायाचं बोलतोय असं वाटत होतं.

उपविधीत याचंही उत्तर आहे आणि ते बरंच स्पष्ट आहे. सोसायटीने करायच्या दुरुस्त्यांची यादीच दिलेली आहे. गच्ची आणि तिचा कठडा, बाहेरच्या भिंती, जिना, सामाईक पाण्याच्या व सांडपाण्याच्या पाइपलाइन, पावसाच्या पाण्याची गळती, सगळ्या फ्लॅटच्या छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती आणि गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर पडलं असेल तर तेही. या यादीत नसलेलं सगळं सभासदाने आपल्या पैशाने करायचं. संडास, नहाणी, सिंक यांतून आत होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याने थांबवायची.

खालांचा कॉलम त्यांच्या स्वयंपाकघरात उभा असला तरी त्यांच्या डोक्यावर तीन मजले आहेत. तो काढला तर खालांच्या ओट्याशेजारी थोडी जागा होईल, पण वरची तीन स्वयंपाकघरं खाली येतील. तेव्हा कॉलम सोळांचा आणि गच्चीही सोळांची. कॉलमला चिकटवलेली फरशी आणि त्यावरचा रंग मात्र खालांचा. इतकं सरळ वाक्य सभेच्या इतिवृत्तात लिहायला आम्हाला अडीच महिने लागले.

नियम मंजूर झाल्यावर इंजिनिअर आले. ऑडिट म्हणजे नेमकं काय करतात, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. काहींना वाटलं, फेरी मारून सर्टिफिकेट देतील. खरंच तसं देणारेही असतात. एका तासात इमारत पाहून, एकही चाचणी न करता कोणी कागद देत असेल तर त्याला स्ट्रक्चरल ऑडिट समजू नये.

पहिला दिवस नुसता पाहण्यात आणि विचारण्यात गेला. मूळ आरसीसी नकाशे मागितले, ते आमच्याकडे नव्हते. मग प्रत्येक घरात जाऊन चिरा नकाशावर उतरवल्या. कुठली चीर काळजीची आणि कुठली नाही, हे त्यांनी मला दाखवलं. प्लास्टरवर जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक रेषा बहुधा प्लास्टरपुरत्याच असतात. कॉलमच्या किंवा बीमच्या कडेने, सळीच्या रेषेत सरळ धावणारी चीर म्हणजे आत सळी गंजते आहे. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, ते फुगतं आणि बाहेरचं काँक्रीट फोडतं. बीमच्या टोकाशी, कॉलमजवळ तिरकी चीर दिसली तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवायचं. चीर वाढते की नाही हे कळायला त्यांनी सोपा उपाय सांगितला. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. महिन्याने चीर रेघेच्या पुढे गेली असेल तर ती जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी चाचण्या झाल्या. त्यांतल्या दोन लक्षात राहिल्या. एकीत कॉलमच्या दोन्ही बाजूंना यंत्राची टोकं लावून आतून ध्वनिलहरी सोडतात. काँक्रीट भरीव असेल तर लहर लवकर पोहोचते, पोकळ किंवा भेगाळलेलं असेल तर वळसा घेत उशिरा येते. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग आला तर चांगलं, तीनच्या खाली आला तर संशयास्पद. जिन्याजवळच्या कॉलमला ३.६ आला. खालांच्या कॉलमला २.४.

दुसरी चाचणी खालांनी स्वतः पाहिली. इंजिनिअरने कॉलमचा कोपरा थोडा फोडला आणि ताज्या फोडीवर एक पाण्यासारखा द्रव शिंपडला. आतल्या भागाचा रंग गुलाबी झाला, बाहेरचा पट्टा मात्र होता तसाच राहिला. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कधर्मामुळे सळीला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरून तो गुण मारत जातो. जिथं गुलाबी रंग येतो तिथं संरक्षण शिल्लक आहे, जिथं येत नाही तिथं संपलं. आमचा बिनरंगाचा पट्टा ३५ मिलिमीटर होता. कॉलमच्या सळीवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण ठेवायचं असतं. मोजलं तर आमच्याकडे ते २० होतं. म्हणजे हवा सळीपर्यंत पोहोचून बरीच वर्षं झाली होती. सळी बांधताना आवरणासाठी खाली ठेवायचे ठोकळे कुणीतरी नीट ठेवले नव्हते, एवढाच याचा अर्थ. त्यात सिमेंट कमी होतं असं नाही, खोटं लोखंड होतं असंही नाही. चार पैशांचे ठोकळे.

‘मग पुराने काही झालं नाही?’ तिसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं. इंजिनिअर म्हणाले, पूर दोन दिवस होता. या कॉलमच्या मागून जाणारा सांडपाण्याचा उभा पाइप जोडावर गळतोय, तो किती वर्षं ते तुम्हीच सांगा. कुणी बोललं नाही. त्या पाइपाखालची भिंत आम्ही सगळ्यांनी कायम हिरवीच पाहिली होती. पाइप सामाईक, म्हणजे सोसायटीचा. मात्र पहिल्या मजल्यावरच्या दोन घरांत नहाणीच्या ट्रॅपचा जोड गळत होता, तो त्यांनी त्यांच्या खर्चाने करायचा असं अहवालात वेगळं लिहून आलं. ते दोघं आधी रागावले. पण नियम अहवालाआधी मंजूर झालेला होता, त्यामुळे ‘आमच्यासाठी बनवला’ असं त्यांना म्हणता आलं नाही.

अहवाल सांगत होता की इमारत रिकामी करण्याची गरज नाही, पण तळमजल्याच्या सहा कॉलमना लगेच टेकू द्या आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती करा. कॉलम, बीम आणि स्लॅब, गच्ची, बाहेरचं प्लास्टर आणि पाइप असं सगळं मिळून अंदाज १३ लाख २० हजारांचा निघाला. एकूण क्षेत्रफळ ८,८०० चौरस फूट, म्हणजे फुटाला दीडशे रुपये. छोट्या फ्लॅटला ६७,५०० आणि मोठ्याला ९७,५००. सरसकट सारखे काढले असते तर प्रत्येकी ८२,५०० आले असते. पंधरा हजारांच्या या फरकावर आम्ही दोन बैठका घालवल्या होत्या.

त्या रात्री मी आणखी एक हिशेब मांडला आणि तो मांडून मला झोप आली नाही. आमच्या छोट्या फ्लॅटचा २००४ मधला बांधकाम खर्च तीन लाख धरला होता, मोठ्याचा साडेचार लाख. पाऊण टक्का आणि पाव टक्का मिळून एक टक्का. छोट्याला वर्षाला ३,०००, म्हणजे महिन्याला २५०. मोठ्याला महिन्याला ३७५. अठरा वर्षं एवढंच काढलं असतं तर व्याज न धरता १० लाख ८० हजार जमले असते. मधल्या काळातल्या किरकोळ दुरुस्त्या त्यातून झाल्या असत्या हे खरं, पण गळका पाइप वेळेवर बदलला असता तर हा अंदाजही एवढा निघाला नसता. आम्ही ‘आमची सोसायटी स्वस्त आहे, मेंटेनन्स फार नाही’ असं पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो होतो.

वसुलीत दोन घरं अडली. पहिलं घर खालांचं. त्या विधवा आहेत, मुलगा महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. ६७,५०० एकदम देणं त्यांना शक्यच नव्हतं. माफीचा विषय निघाला तेव्हा खालांनीच नाही म्हटलं. ‘माझ्या नावावर घर आहे, खैरात कशाला?’ मग सभेने सगळ्यांसाठीच ठराव केला की ज्याला हवं त्याने दहा हप्त्यांत द्यावं. फक्त त्यांच्यासाठी नाही, म्हणून त्यांना तो घेता आला. सोळांपैकी सात घरांनी हप्ते घेतले, त्यांत मोठ्या फ्लॅटवालेही होते. कंत्राटदाराशीही टप्प्याटप्प्याने बिल द्यायचं ठरलं, त्यामुळे हे जमलं.

दुसरं घर बंद होतं. मालक कुवेतला. फोनवर म्हणाले, भाईजान, मी आठ वर्षं तिथं राहिलोच नाही, माझ्यामुळे काय झिजलं? कोकणातल्या आपल्या वस्त्यांत अशी कुलूपबंद घरं किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. पण दुरुस्तीचा हिस्सा वापरावर ठरत नाही, मालकीवर ठरतो. बंद फ्लॅटच्या खालचा कॉलमही तेवढंच वजन पेलतो. दोन पत्रांनंतर आम्ही त्यांना कळवलं की सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि मग थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. तोपर्यंत जायची वेळ आली नाही. त्यांच्या वडिलांनी येऊन कॉलम पाहिला आणि पैसे आले.

काम डिसेंबरात सुरू झालं. आधी लोखंडी टेकू लागले, मगच कॉलमला हात लागला. हा क्रम पाहण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली होती, कारण भार न काढता कॉलम फोडणं म्हणजे दुरुस्तीच्या नावाने इमारत पाडणं. सैल काँक्रीट काढलं, सळ्या घासून स्वच्छ केल्या. जिथं सळी बारीक झाली होती तिथं शेजारी नवी जोडली. मग चारही बाजूंनी नवा सळ्यांचा पिंजरा बांधून त्यात मायक्रोकाँक्रीट ओतलं. कॉलम दर बाजूने चार इंच जाड झाला. कंत्राटदाराच्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, नुसतं प्लास्टर करून रंग मारू का, निम्म्यात होईल. इंजिनिअरला देखरेखीसाठी वेगळी फी देऊन ठेवली होती, ती त्या एका वाक्यात वसूल झाली.

आता पोलादपूरचं. माझी धाकटी बहीण तिथं हायवेजवळच्या नव्या इमारतीत राहते. चार वर्षांपूर्वी ताबा घेतला. आमचं हे सगळं ऐकून तिने विचारलं, आमच्याकडे ऑडिट कोण करणार? मी म्हटलं, सोसायटी. ती म्हणाली, सोसायटीच नाही. बिल्डर दर महिन्याला मेंटेनन्स घेतो, पावती देत नाही.

महाड-पोलादपूरसारख्या ठिकाणी अशा इमारती पुष्कळ दिसतात आणि मला त्यांची जास्त काळजी वाटते. ऑडिटचं कर्तव्य सोसायटीवर आहे. सोसायटी नोंदलेलीच नसेल तर ते कर्तव्य कुणाच्याच गळ्यात नाही. निधी नाही, इतिवृत्त नाही, सभा बोलवायला सेक्रेटरी नाही. बहिणीला मी दोन गोष्टी सांगितल्या. रेरा कायद्याप्रमाणे निम्म्याहून जास्त फ्लॅटची नोंदणी झाली की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन करून देणं हे बिल्डरचं काम आहे. ते झालं नसेल तर फ्लॅटधारकांनी मिळून निबंधकांकडे जायचं. आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष दिसला आणि तो लेखी कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तिचं एक वर्ष उरलं आहे. पंधराव्या वर्षाची वाट पाहण्यापेक्षा हे वर्ष संपण्याआधी स्वतःच्या खर्चाने एक तपासणी करून घ्या, असं मी तिला म्हटलं. आज जो दोष बिल्डरचा आहे, तो मुदत उलटली की तिचा आणि तिच्या शेजाऱ्यांचा होईल, क्षेत्रफळाप्रमाणे. गेल्या आठवड्यात त्यांच्या जिन्यात पहिली बैठक झाली. बावीसपैकी नऊजण आले.

आमच्या नोटीस बोर्डावर आता एक ओळ कायमची लिहिलेली आहे: ‘पुढील स्ट्रक्चरल ऑडिट २०२७’. महिन्याच्या बिलात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड अशा दोन नव्या रकमा दिसतात. गुरुजी दर महिन्याला त्या मोठ्याने वाचतात आणि मग पैसे देतात.

खालांच्या स्वयंपाकघरात कॉलम जाड झाल्याने त्यांचं भांड्यांचं कपाट तिथं बसेना. ते बाहेरच्या खोलीत ठेवावं लागलं. मी चहाला गेलो की त्या अजून तक्रार करतात, ‘तुमच्या सोळाजणांच्या खांबाने माझी जागा खाल्ली.’ परवा म्हणाल्या, त्या जागेचे चौरस फूट माझ्या हिशेबातून वजा करा. मी विषय पुढच्या सभेत घेतला आहे.